कर्जबोजा असलेली जुनी गाडी: नाशिकमधल्या एका व्यवहाराचे कागद

नाशिकमधल्या एका शिक्षिकेने ओळखीतून गाडी पाहिली. २०२० ची पेट्रोल हॅचबॅक, पहिला मालक, एमएच-१५ पासिंग, किंमत ठरली ५ लाख २० हजार. गाडी मेकॅनिकला दाखवून झाली होती, चाकं-क्लच सगळं ठीक होतं. मालकाने स्वतःहून सांगितलं, "मॅडम, थोडं लोन बाकी आहे, एक ऐंशी-पंच्याऐंशी. तुम्ही पेमेंट केलं की मी लगेच भरून टाकतो, आठ दिवसांत एनओसी येते." माणूस खोटारडा नव्हता, हे आधीच सांगतो. तरीही व्यवहार त्याच्या सांगण्याप्रमाणे झाला असता तर मॅडम दोन-तीन महिने अडकल्या असत्या, कदाचित जास्तच.

मॅडमनी टोकन देण्याआधी कागद माझ्याकडे पाहायला आणले. जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे पहिली नजर आरसीवरच्या वित्तपुरवठादाराच्या रकान्याकडे गेली. तिथे एका बिगर-बँक वित्त कंपनीचं नाव होतं. आम्ही parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून ताजी नोंदही काढली. मालकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबण्यात अर्थ नसतो, तो कधीचा आहे हे कळत नाही. ऑनलाइन नोंदीतही तेच नाव होतं, चलन बाकी नव्हतं, ब्लॅकलिस्टची नोंद नव्हती. बोजा तेवढा होता.

इथे कायदा थोडक्यात पाहावा लागतो, कारण पुढचा सगळा क्रम त्यावरून ठरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ नुसार गाडी कर्जाला तारण असेल तर आरसीवर वित्तपुरवठादाराचं नाव चढतं, आणि त्याच कलमाचं चौथं पोटकलम सांगतं की ते नाव असेपर्यंत त्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी हस्तांतरणाची नोंद होणार नाही. संमती देऊन बोजासकट गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची सोय कायद्यात आहे. प्रत्यक्षात फायनान्सवाले तसं क्वचितच करतात, कारण मग नव्या माणसाची कर्जपात्रता तपासून नवा करार करावा लागतो. म्हणून सरळ रस्ता एकच उरतो: कर्ज बंद, मग बोजा कमी, मग टीओ, म्हणजे मालकी हस्तांतरणाची नोंद.

यातली दुसरी पायरी लोक पहिलीतच धरतात आणि गोची तिथेच होते. कर्ज फिटलं की वित्त कंपनीच्या खात्यात बाकी शून्य होते. आरटीओच्या नोंदीतलं नाव त्याने आपोआप जातंच असं नाही. त्यासाठी फॉर्म ३५ लागतो, म्हणजे करार संपल्याची सूचना, आणि त्यावर वित्त कंपनी व नोंदणीकृत मालक अशा दोघांच्या सह्या लागतात. बोजा कमी करण्याचा अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो. खरेदीदाराने सगळे पैसे देऊन गाडी दारात उभी केली असली, तरी आरटीओच्या लेखी तो त्या वेळी कोणीच नसतो. सगळे पैसे मिळालेला मालक ओटीपी द्यायला फोन उचलेलच, याची हमी कोण देणार?

मॅडमना मी एवढंच म्हटलं की किंमत जशी घासाघीस करून ठरवलीत तसा पैशाचा क्रमही ठरवा. आणि मालकाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करायला एकूण किती भरावे लागतील त्याचा कंपनीने दिलेला हिशोब.

ते स्टेटमेंट कर्जदारालाच मिळतं. कंपनीच्या अॅपवरून किंवा शाखेतून मालकाने ते दोन दिवसांत काढलं. मुद्दल बाकी १,८६,४०० रुपये. शेवटच्या हप्त्यापासून स्टेटमेंटच्या तारखेपर्यंत बारा दिवसांचं व्याज ६१३. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क मुद्दलाच्या ४ टक्के, म्हणजे ७,४५६, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,३४२. मागे कधीतरी एक हप्ता बाउन्स झाला होता, त्याचे ५९०. एकूण १,९६,४०१. मालकाच्या डोक्यातला आकडा फक्त मुद्दलाचा होता, अॅप उघडल्यावर पहिल्या पानावर तोच दिसतो. दहा हजारांचा हा फरक कोण भरणार यावर ऐनवेळी वाद होतात. आम्ही आधीच लिहून घेतलं की कर्ज बंद करण्याचा सगळा खर्च विकणाऱ्याचा.

मालक थोडा तणतणला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की असं शुल्क आता घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेची ती मनाई बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जांना आहे. गाड्यांची कर्जं बहुतेक ठरीव व्याजदराची असतात, त्याचंही तसंच होतं, आणि करारात ४ टक्क्यांचं कलम होतं. स्टेटमेंटवर आणखी एक ओळ असते ती वाचायची: हा आकडा अमुक तारखेपर्यंतच वैध, पुढे रोजचं व्याज इतकं. इथे ते रोज ५१ रुपये होतं. एक दिवस उशीर होऊन पन्नास रुपये कमी भरले गेले तरी खातं बंद होत नाही, आणि ते बंद झालेलं नाही हे पुढच्या महिन्यात हप्ता कापला गेला की कळतं.

आता पैसे. टोकन म्हणून १० हजार मालकाच्या खात्यात गेले आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर साधा करारनामा झाला. त्यात गाडीचा नोंदणी क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक, कर्ज खात्याचा क्रमांक आणि पैशाचे टप्पे लिहिले. पहिला टप्पा १,९६,४०१, मालकाच्या हातात न देता थेट कर्ज खात्यात. दुसरा टप्पा अडीच लाख, ऑनलाइन नोंदीतून बोजा गेलेला दिसल्यावर. उरलेले ६३,५९९ टीओची नोंद झाल्यावर. ठरलेल्या मुदतीत बोजा उतरला नाही तर पहिल्या टप्प्याचे पैसे परत करायचे, हेही लिहिलं.

थेट कर्ज खात्यात भरणं ऐकायला सोपं वाटतं. काही कंपन्या तिसऱ्या माणसाच्या खात्यातून आलेली रक्कम घेत नाहीत, घेतली तरी ती कुठल्या खात्याला लावायची यात आठवडा घालवतात. म्हणून आधी शाखेत विचारून घ्यावं. इथे शाखेने सांगितलं की कर्जदाराचं पत्र आणि कंपनीच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट चालेल. मॅडमनी बँकेतून ड्राफ्ट काढला, मागे कर्ज खात्याचा क्रमांक आणि कर्जदाराचं नाव लिहिलं, आणि मालकासोबत स्वतः शाखेत जाऊन पावती घेतली. पावतीवर 'फोरक्लोजरपोटी' असा शब्द आहे ना ते पाहिलं. नुसतं 'भरणा' लिहिलेल्या पावतीने पुढे घोळ झालेले मी पाहिले आहेत. रक्कम आगाऊ हप्ते म्हणून जमा होते आणि कर्ज चालूच राहतं.

गाडी या काळात मालकाकडेच ठेवली. मॅडमना ते पटत नव्हतं, जवळपास दोन लाख भरून झाले होते. त्याऐवजी दुसरी किल्ली, मूळ आरसी आणि मालकी हस्तांतरणाचे सही केलेले फॉर्म २९ आणि ३० त्यांच्याकडे ठेवले. गाडी न घेण्याचं कारण विम्यात आणि अपघातात आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, गाडी आधीच विकलेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. हे मालकाला सांगितल्यावर गाडी देण्याची घाई त्यालाही राहिली नाही. आणि मॅडमच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्या हातून गाडी ठोकली गेली असती तर पॉलिसी दुसऱ्याच्या नावाची असताना दुरुस्तीचा दावा लटकला असता.

दहाव्या दिवशी कर्ज खातं अॅपवर 'बंद' दिसू लागलं. एनओसी मात्र आली नाही. मालकाने ग्राहक सेवेला फोन केला तर "प्रक्रियेत आहे". पुन्हा फोन, पुन्हा तेच. शेवटी शाखेतल्या एका मुलाने संगणकावर पाहून खरं कारण सांगितलं: "सर, तुम्ही एका ट्रॅक्टर लोनला जामीन आहात ना? त्याचे दोन हप्ते थकलेत. सिस्टिम एनओसी सोडत नाही."

मालक त्याच्या चुलत भावाला जामीन राहिला होता आणि विसरूनही गेला होता. त्याच कंपनीचं कर्ज. गाडीच्या करारात बारीक अक्षरात कलम होतं की कर्जदाराची किंवा जामीनदाराची अन्य कोणतीही बाकी असेल तर कंपनी तारण रोखून धरू शकते. असं कलम कितपत टिकतं यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. पण गाडी विकायला निघालेला माणूस त्यासाठी कोर्टात जात नाही. ग्रामीण भागात, जिथे एकाच वित्त कंपनीकडून ट्रॅक्टर, दुचाकी, सोनं, सगळ्याचीच कर्जं घेतलेली असतात, तिथे हा अडथळा फार वेळा येतो. क्रेडिट कार्डाची बाकी असल्याने बँकांनीही असंच केल्याचं दिसतं.

हे आधी कळलं असतं का? हो. फोरक्लोजर स्टेटमेंट मागताना त्याच ईमेलमध्ये एक वाक्य घालायचं: माझ्या नावे कर्जदार, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून आपल्याकडे अन्य काही येणे आहे का, आणि हे खातं बंद झाल्यावर एनओसी मिळायला काही हरकत आहे का, ते लेखी कळवावे. मालकाचा सिबिल अहवालही उपयोगी पडतो, कारण जामीन म्हणून घेतलेली कर्जं त्यात वेगळी दिसतात. मालक अहवाल दाखवायला तयार नसेल तर निदान प्रश्न तरी तोंडावर विचारावा. या प्रकरणात विचारला असता तर त्याला तो ट्रॅक्टर तिथेच आठवला असता.

इथून दोन मार्ग होते. एक तक्रारीचा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू: वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत तारणाची मूळ कागदपत्रं परत करायची आणि कुठल्याही नोंदवहीतला बोजा काढायचा, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. बँका, बिगर-बँक वित्त कंपन्या, सहकारी बँका सगळ्यांना तो लागू आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार निबंधकांकडे जावं लागतं. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र ही तक्रार कर्जदाराची असते. खरेदीदार कंपनीचा ग्राहक नसल्याने तिला तिथे उभं राहता येत नाही.

दुसरा मार्ग थकीत हप्ते भरण्याचा. मी मालकाला दोन्ही एकदम करायला सांगितलं. त्याने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, त्यात कर्ज बंद झाल्याची तारीख आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा उल्लेख केला. त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला. तो संवाद मी ऐकला नाही, पण हप्ते दोन दिवसांत भरले गेले. पुढच्या आठवड्यात एनओसी आली. ईमेलने आली की हप्त्यांनी, हे सांगता येणार नाही. मला वाटतं हप्त्यांनी.

मालकाने मध्ये एकदा सुचवलं होतं की मॅडमनीच ते हप्ते भरावेत आणि किमतीतून वळते करावेत. मी नको म्हटलं. ट्रॅक्टरचं कर्ज त्यांच्या व्यवहारात नव्हतं, करारनाम्यात नव्हतं, आणि आणखी एखादा हप्ता थकला असता तर पुन्हा त्यांच्याकडेच हात पसरला गेला असता.

एनओसीचा लिफाफा आला की तीन गोष्टी मोजून घ्यायच्या. कर्जदाराच्या नावे बाकी नसल्याचं पत्र, आरटीओला उद्देशून एनओसी आणि त्यासोबत सही-शिक्क्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती, आणि विमा कंपनीला उद्देशून वेगळी एनओसी. मग अक्षर न् अक्षर ताडायचं: नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, मालकाचं नाव, आणि वित्त कंपनीचं नाव आरसीवर जसं आहे तसंच. बहुतेक संस्था एनओसीवर तीन महिन्यांची मुदत छापतात. मुदत उलटली की ती पुन्हा काढावी लागते, त्याचेही पैसे पडतात. गाडी विकायची नाही म्हणून फॉर्म ३५ कपाटात ठेवून देणारे लोक याच कारणाने पाच वर्षांनी धावपळ करतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर तर ही धावपळ वाढली. आरसीवर विजया बँक किंवा देना बँक असेल तर १ एप्रिल २०१९ पासून कागद बँक ऑफ बडोदाकडून आणावे लागतात, आंध्रा बँक किंवा कॉर्पोरेशन बँक असेल तर १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेकडून. अशा वेळी एनओसीत जुन्या बँकेचं नाव आणि विलीनीकरणाचा उल्लेख दोन्ही घालून घ्यावेत, नाहीतर खिडकीवरचा कारकून नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतो. त्याचं तसं चूकही नसतं.

आमच्याकडे नावं जुळली. अडलं ते मोबाइलवर. परिवहनच्या संकेतस्थळावर बोजा कमी करण्याचा अर्ज घरबसल्या भरता येतो, पण त्यासाठी ओटीपी येतो तो नोंदीतल्या मोबाइलवर, आणि आधार वापरून करायचं तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. मालकाने २०२० मध्ये शोरूमला दिलेला नंबर कधीच बंद झाला होता. आधी मोबाइल बदलण्याची नोंद, मग अर्ज. यात आणखी काही दिवस गेले. करार करायच्या दिवशीच मालकाकडून परिवहनवर एक ओटीपी मागवून पाहिला असता तर हा वेळ वाचला असता, आता मी प्रत्येकाला तेच सांगतो.

अर्जासोबत एनओसी, फॉर्म ३५, आरसी, चालू विमा आणि पीयूसी जोडलं. काही वित्तसंस्था परिवहनच्या प्रणालीशी जोडलेल्या आहेत आणि त्यांची मंजुरी ऑनलाइनच पोचते. ही कंपनी तशी नव्हती, म्हणून मूळ कागद आरटीओत जमा करावे लागले. मंजुरी झाल्यावर मॅडमनी स्वतः नंबर टाकून नोंद पाहिली. वित्तपुरवठादाराचा रकाना रिकामा होता. त्याच दिवशी अडीच लाख मालकाच्या खात्यात गेले आणि गाडी मॅडमच्या दारात आली.

बोजा कमी करणं आणि टीओ एकाच अर्जात करता येतं, आणि एजंट बहुधा तसंच करतात. खरेदीदार स्वतः कर्ज काढत असेल तर नवा बोजा चढवण्याचा फॉर्म ३४ ही त्यातच जोडतात. एक फेरी वाचते. आम्ही मुद्दाम वेगळं केलं, कारण आमचा अडीच लाखांचा टप्पा बोजा उतरण्याला बांधलेला होता आणि एकत्रित अर्ज कुठल्या तरी किरकोळ त्रुटीवर अडकला असता तर दोन्ही गोष्टी सोबतच थांबल्या असत्या. ओळखीच्या माणसाकडून, कर्ज फिटलेली गाडी घ्यायची असती तर मीही एकत्रच केलं असतं.

'हप्ते तुम्ही भरत राहा, कर्ज संपलं की नावावर करून देतो' असा चालू हप्त्यावरचा सौदा सर्रास चालतो, त्याबद्दल इथेच सांगून टाकतो. त्यात गाडी नोंदीत विकणाऱ्याची, तारण वित्त कंपनीचं आणि पैसे खरेदीदाराचे असतात. कंपनीच्या परवानगीशिवाय गाडी दुसऱ्याकडे देणं हाच कर्जकराराचा भंग असतो. मालकाचा एक हप्ता चुकला, किंवा खरेदीदाराने दिलेले पैसे त्याने भरलेच नाहीत, तर गाडी उचलायला येणारे लोक खरेदीदाराच्या पार्किंगमध्ये येतात. नोटरी केलेला कागद त्यांना दाखवून काही होत नाही, कारण त्या कागदावर कंपनीची सही नसते.

टीओचा भाग इथे सुरळीत गेला. दोघेही एकाच आरटीओच्या हद्दीत. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने दिलेली सूचना, राज्यातल्या राज्यात ती १४ दिवसांत द्यायची, आणि फॉर्म ३० हा दोघांचा अर्ज, खरेदीदाराने ३० दिवसांत करायचा. मॅडमचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन जोडलं. नव्या आरसीचं कार्ड टपालाने यायला वेळ लागला, पण नोंद आधीच बदललेली दिसत होती. तेव्हा उरलेले ६३,५९९ दिले. मालकाने आपला फास्टॅग बंद केला.

विम्याचा कागद बहुतेक लोक इथेच विसरतात. बोजा आरटीओतून उतरला तरी पॉलिसीवर वित्त कंपनीचं नाव तसंच राहतं. गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी भरपाई त्या नावाकडे वळवते, आणि मग कर्ज नसलेल्या गाडीसाठी पुन्हा एनओसी दाखवत बसावं लागतं. लिफाफ्यातली तिसरी एनओसी याचसाठी होती. पॉलिसी नावावर करताना, म्हणजे हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत, मॅडमनी तीही सोबत दिली आणि दोन्ही बदल एकाच पत्रात झाले. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याचकडे राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. म्हणून पॉलिसीच्या उरलेल्या महिन्यांसाठी त्या सवलतीचा फरक विमा कंपनीने मॅडमकडून घेतला. ही रक्कम करारनाम्यात कुणाच्याच नावे लिहिलेली नव्हती. ती त्यांनी भरली.